एका गुणाची हरकत

माझ्या क्लासात एक रिवाज आहे. परीक्षेनंतर उत्तरं लावली की ज्याला आपलं चुकलेलं उत्तर बरोबर वाटतं त्याने हरकत घ्यायची, आणि ती सगळ्यांसमोर फळ्याशी उभं राहून लढवायची. मी हरले तर अख्ख्या बॅचला कचोरी माझ्याकडून. पोरं हरली तर दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न त्यांनी शिकवायचा. यवतमाळात इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय, कचोरीचा खर्च फार झालेला नाही, आणि हे मी जरा तोऱ्यातच सांगते.

यंदा बारावीच्या पोरांच्या दोन बॅचेस पाडायच्या होत्या. पहिली सकाळी, दुसरी संध्याकाळी, दिवेलागणीनंतर सुटणारी. परीक्षेत वर आलेले सकाळी, बाकीचे संध्याकाळी. सकाळचे बाक मोजकेच. शेवटच्या बाकाची जागा एका पोराला मिळाली आणि एका गुणाने एक पोरगी बाहेर राहिली.

ही पोरगी लोहाऱ्याहून यायची. एमआयडीसीच्या रस्त्याला तिच्या अब्बांचं बॅटरीचं दुकान आहे. शांत, पण वादाला लागली की मागे न हटणारी; मला असली पोरं मनापासून आवडतात. तिचे अब्बा प्रवेशाच्या वेळी येऊन स्पष्ट सांगून गेले होते, "मॅडम, सकाळची बॅच भेटली तर ठीक. संध्याकाळी मले दुकान सोडून आणाले येता येत नाही. ट्रकवाल्यांचा टाइम तोच राह्यते. अन् अंधारात एकटी तिले मी सोडत नाही. मंग घरीच अभ्यास करन ते." म्हणजे गुण एक, पण त्या गुणावर तिचा क्लासच अडला होता.

तिने हरकत घेतली ती सामूच्या, म्हणजे पीएचच्या, प्रश्नावर. दोन द्रावणं, एक हायड्रोक्लोरिक आम्लाचं, एक अ‍ॅसिटिक आम्लाचं, दोन्हींचा सामू तीन. कोणतं विधान बरोबर? तिने निवडलेला पर्याय असा होता: हायड्रोक्लोरिक आम्ल स्ट्राँग आहे म्हणून त्याचं द्रावण जास्त कॉन्सन्ट्रेटेड आहे.

आतून मला वाटत होतं की देऊन टाकावा तो गुण. फळ्याशी उभं राहून मान डोलवली की काम झालं असतं. पण मग शेवटच्या बाकावरच्या पोराने काय करायचं? आणि त्याहून मोठं म्हणजे ते उत्तर चूक होतं. चुकीला बरोबर म्हणायला माझी जीभ वळत नाही, अगदी लाडक्या पोरीसाठीही नाही. स्वतःचाच राग आला, आणि रागात मी जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, "हं, बोल."

"मॅडम, आमच्या दुकानात अ‍ॅसिडचा कॅन येते," ती म्हणाली. "सल्फ्युरिक. एक थेंब पँटवर पडला तर भोक पडते. अन् घरातलं व्हिनेगर आपण सलादवर टाकून खातो. स्ट्राँग तेच असते ना, जे गच्च भरलेलं असते? मी तर स्ट्राँग अ‍ॅसिड पातळ कधी पाह्यलंच नाही."

बॅचमध्ये माना डोलल्या. मला हसू आलं, कारण हिने घोकून चूक केली नव्हती, डोळ्यांनी पाहून केली होती. तिच्या आयुष्यात आलेलं प्रत्येक स्ट्राँग आम्ल खरंच दाट होतं आणि प्रत्येक वीक आम्ल पातळ. अशी चूक बॅटरीवाल्याच्याच घरात होऊ शकते.

मी विचारलं, "दुकानात बॅटरी डाउन होऊन येते तेव्हा तू काय करतेस?"

"हायड्रोमीटर टाकून ग्रॅव्हिटी पाह्यतो."

"मग?"

"डाउन असली तर ग्रॅव्हिटी कमी दाखवते. अ‍ॅसिड प्लेटांमध्ये खर्च होऊन जाते, पाणी जास्त होते."

"आणि उरलेलं अ‍ॅसिड कोणतं?"

"तेच की. सल्फ्युरिकच." ती थांबली. खडू हातात तसाच.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "हायड्रोमीटर स्ट्राँग-वीक सांगतच नाही. पाण्यात किती अ‍ॅसिड आहे तेवढंच सांगते."

मग ती फळ्याकडे वळली आणि स्वतःशीच बोलल्यासारखं लिहू लागली. स्ट्राँग म्हणजे पाण्यात पडलेलं जवळपास सगळं आम्ल तुटतं आणि हायड्रोजनचे आयन देतं. अ‍ॅसिटिकचे या द्रावणात शंभरातले दोनेक रेणू तुटतात, बाकीचे तसेच बसून. सामू दोन्हींचा सारखा, म्हणजे मोकळे आयन सारखे. मग तेवढे आयन द्यायला अ‍ॅसिटिकच जास्त टाकावं लागणार, पन्नास पटीहून जास्त. कॉन्सन्ट्रेटेड ते आहे. हायड्रोक्लोरिक उलट पातळ आहे, तुटतं सगळं म्हणून थोडक्यात भागतं. तिने आपल्या पर्यायावर काट मारली आणि म्हणाली, "माह्यी हरकत मीच मागं घेतो."

मी इतकी खूश झाले की कचोरी मागवावी असं वाटलं, पण नियम म्हणजे नियम. आणि तो एक गुण तर आता कायमचा गेला होता.

रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशी तिने शिकवायचं होतं. दोन्ही बॅचची पोरं आली. मी सकाळी दोन्ही द्रावणं बनवून ठेवली होती, त्यातलं एक स्वयंपाकघरातलं व्हिनेगर पाणी घालून. तिने सामूचा कागद बुडवला, दोन्हींचा रंग सारखाच. मग दोन चंचुपात्रांत सारख्याच मापाने ओतून, आम्ल संपलं की गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलिन टाकून ती विरल कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने घालू लागली. हायड्रोक्लोरिक लगेच गुलाबी झालं. व्हिनेगर मात्र सोडा पीतच राहिलं. पोरं मोठ्याने थेंब मोजत होती, मग कंटाळली, मग पैजा लावू लागली, आणि शेवटी रंग आला तेव्हा अख्खा क्लास टाळ्या वाजवत होता.

याच गोंधळात तिचे अब्बा दारात येऊन उभे होते. फी परत मागायला आले असणार, हे मी ओळखलं. मी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. ते हातावरची काळं वंगण पुसत ऐकत राहिले. शेवटी ती म्हणाली, कोणाला काही विचारायचं आहे का, तेव्हा त्यांनीच हात वर केला.

"मंग आपली डाउन झालेली बॅटरी," ते म्हणाले, "तिच्यातलं अ‍ॅसिड कमजोर नाही होत?"

"नाही अब्बा. कमी होते. कमजोर नाही होत."

पोरं निघून गेल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. मी फीचा विषय काढणारच होते.

"मॅडम, संध्याकाळची बॅच किती वाजता सुटते?" त्यांनी विचारलं. मी वेळ सांगितली.

"मंग दुकान त्याच्या अर्धा तास आधी बंद," ते म्हणाले. "ट्रकवाले सकाळी येतीन. बॅटरी कुठं पळून जाते?"

पोरगी मागे उभी राहून चंचुपात्रं धूत होती. तिने नळ बंद केला नाही, पण हात थांबले होते.