वरची कमाई

सरकारी कचेरीत जन्म गेला, पण मी वरची कमाई कधी केली नाही. आमच्या इंदिरानगरात याचं कुणाला कौतुक नाही, आणि बायकोला तर मुळीच नाही.

यंदा आयकराचा परतावा आला, तोही खात्याला जाग आल्यावर, म्हणजे कित्येक महिन्यांनी. बायकोनं बँकेचा मेसेज मी मागितलेल्या रकमेशी ताडून पाहिला. "अहो, हे वरचे कसले?" तिच्या आवाजात संशय कमी आणि आशा जास्त होती.

बँकेतल्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे एकच रक्कम जमा दिसते, काका." म्हणून पंचवटीतल्या आमच्या कर सल्लागाराकडे गेलो. त्यानं खात्याचा आदेश उघडला. त्यात परतावा एका ओळीत आणि उशिराचं व्याज दुसऱ्या ओळीत होतं. बँकेत मात्र दोन्हींची बेरीज आली होती. व्याजाचा दर महिन्याला अर्धा टक्का. आपण कर भरायला उशीर केला, तर हेच खातं महिन्याला एक टक्का घेतं. साहेबांचा उशीर नेहमीच स्वस्त असतो, हे मला नोकरीत असतानाच कळायला हवं होतं.

"परताव्यावर कर नाही," सल्लागार म्हणाला, "पण व्याज हे तुमचं उत्पन्न. पुढच्या रिटर्नमध्ये ते वेगळं दाखवा."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "जन्मात एकदा वरची कमाई केलीत, तीसुद्धा सरकारला सांगून."