हळदीच्या जाहिरातीतला हात

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी इन्फ्लुएन्सर नाही. मला कुणी ओळखत नाही आणि माझ्या खात्यावर सणासुदीचे चार फोटो सोडले तर काही नाही. ओळखत नाहीत म्हणूनच मला काम मिळतं. कंपन्यांना साध्या घरातली साधी बाई पाहिजे असते, जिच्या मागे खरा ओटा असतो आणि भिंतीवर खरा तेलाचा डाग असतो. ती बाई क्रीम लावते, मसाला टाकते, साबण घासते आणि बोलते. मी व्हिडिओ करून पाठवते, तो माझ्या खात्यावर टाकायचा नसतो. कंपनी तो स्वतःच्या जाहिरातीत चालवते. याला यूजीसी म्हणतात, म्हणजे युजर-जनरेटेड कंटेंट. आमच्या गल्लीत याला 'फोनपुढं बोलून पैसे घेणं' म्हणतात आणि ते म्हणताना ओठ असे मुडपतात की विचारू नका.

फुकटचे पैसे म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर बसून बघावं. आधी ब्रीफ येते, म्हणजे काय दाखवायचं, काय बोलायचं याचा कागद. पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याचं बोट थांबलं पाहिजे, नाहीतर व्हिडिओ वाया. सकाळचा उजेड ओट्यावर असतो तेवढ्यातच शूटिंग उरकायचं. मग 'जरा हसतमुख करा', 'जरा कमी हसा', 'बाटलीचं लेबल दिसत नाही' असे बदल. ठरल्यापेक्षा जास्त बदल सांगितले तर त्याचे वेगळे पैसे मागायचे, आणि मागितले की समोरची मंडळी अशी गप्प होतात जणू मी त्यांचं घर मागितलं.

पैशाची रीत मी ठेचकाळत शिकले. सुरुवातीला कंपन्या नुसती वस्तू पाठवायच्या. शांपूची बाटली घ्या आणि व्हिडिओ द्या. शांपूने किराणा भरत नाही हे मी एका कंपनीवालीला लिहिलं तर ती म्हणाली, 'डियर, तुझा पोर्टफोलिओ तयार होईल.' माझं लग्न होऊन लेकरं शाळेत गेली तरी मी या लोकांची डियरच. नंतर मी शहाणी झाले. एका व्हिडिओचा ठरलेला दर, निम्मे आधी, निम्मे व्हिडिओ पास झाल्यावर. जाहिरातीत किती महिने वापरणार ते आधी लिहून घ्यायचं, जास्त वापरायचं तर जास्त पैसे. बिल पाठवायचं, पॅन द्यायचा, टीडीएस कापून उरलेले खात्यात. मध्ये एजन्सी असेल तर उरलेले निम्मे दीड-दीड महिना लटकतात, कारण कंपनीने एजन्सीला दिलेले नसतात. आणि माझ्या प्रत्येक कोटेशनच्या शेवटी एक ओळ असते: पूर्ण रक्कम मिळाल्यावरच व्हिडिओ वापरायचा हक्क मिळेल. ही ओळ मी भांडून भांडून शिकले आहे.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझ्या सासूबाईंचं कांडप मशीन आहे. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मिरची, धने, मसाला दळून देतात आणि मोंढ्याच्या बाजारातून स्वतः निवडून आणलेली हळकुंडं दळून हळद विकतात. हिंगोलीत हळदीला तोटा नाही, पण आमच्या भागातल्या बाया वर्षाची हळद आत्याबाईंकडूनच भरतात, कारण त्यांचा शब्द चालतो. माझ्या शूटिंगच्या वेळी मशीन बंद ठेवावं लागतं, नाहीतर आवाजात सगळा घरघराट येतो. आत्याबाई कुरकुरत का होईना, ठेवत होत्या.

यंदा एका एजन्सीमार्फत हळदीचंच काम आलं. काचेच्या बरणीतली, सोनेरी झाकणाची हळद. मला हसू आलं. इथून पोती भरून जाणारी हळद बरणीत बसून इथेच परत आली होती. मी आत्याबाईंना विचारलं, करू का? त्या म्हणाल्या, "कर की. त्यांची हळद त्यांच्यापाशी, आपली आपल्यापाशी. पण सुट्ट्या हळदीला नाव ठिवायचं न्हाई."

आणि स्क्रिप्टमध्ये नेमकं तेच होतं. 'सुटी हळद म्हणजे भेसळ, मी ती फेकून दिली.' मी एजन्सीच्या मुलीला मेल केला की हे वाक्य मी बोलणार नाही, माझ्या घरात तोच धंदा आहे. तिचं लगेच उत्तर, 'शुअर डियर, काढून टाका.' मग मी माझं लिहिलं. सुरुवातीला कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, "हळदीबद्दल एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगत नाही." पुढे सांगितलं की हळद उघडी राहिली की फिकी पडते, म्हणून झाकणाच्या बरणीत ठेवावी, आणि बरणी दाखवली. फिकी हळद दाखवायला जुन्या डब्यातली हळद ताटात ओतायची होती. माझा एक हात फोनला होता, म्हणून आत्याबाईंना म्हटलं, जरा ओता. त्यांनी ओतली. मनगटावरचं गोंदण आणि हिरव्या बांगड्या, दोन्ही सुरेख दिसत होती. मी त्यांना म्हटलंही, तुमचा हात हीरोइनचा आहे. त्या लाजल्या.

व्हिडिओ पास झाला. मग एजन्सीने रॉ फुटेज मागितलं, म्हणजे न कापलेले सगळे तुकडे. जाहिरातीचे वेगवेगळे नमुने करायला लागतात म्हणाले. त्याचे वेगळे पैसे बिलात धरले आणि पाठवलं. सगळेच असं करतात, त्यात नवीन काही नव्हतं. उरलेले निम्मे मात्र यायचे होते.

चैत्र संपत आला होता. वर्षाची हळद भरायचे दिवस. पण मशीनपुढे रांग नव्हती. नेहमीच्या दोघी बाया समोरून गेल्या आणि पुढच्या दुकानात शिरल्या. आत्याबाईंना वाटलं, ऊन जास्त आहे. मग मागच्या गल्लीतल्या काकू आल्या. त्यांनी पिशवी टेकवली नाही, फोन पुढे केला.

"हा हात कोणाचा हाय ते सांगा आधी."

फोनमध्ये मी होते. माझ्याच आवाजात, "हळदीबद्दल एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगत नाही." आणि पुढे दुसऱ्याच कुणा बाईचा गोड आवाज, 'सुट्या हळदीत रंग असतो, मैदा असतो. मी ती फेकून दिली.' त्या वाक्यावर आत्याबाईंचा हात, गोंदण, हिरव्या बांगड्या, आणि त्यांच्याच डब्यातली हळद ताटात पडताना. मग बरणी. मग मी हसताना.

आत्याबाईंनी ते दोनदा बघितलं. मला म्हणाल्या, "माझ्याच हातानं माझी हळद फेकून दिली व्हय गं?" ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी त्याच क्षणी एजन्सीला फोन लावला. अंगाचा तिळपापड झाला होता. ती मुलगी म्हणाली, रॉ फुटेजमध्ये एडिटचा हक्क येतो, डियर, आणि वाक्य तुमच्या आवाजात नाहीच. मी म्हटलं, तोंड माझं, ओटा माझा, हात माझ्या सासूचा, आणि आवाज तेवढा तुमचा? जाहिरात आत्ता बंद करा. तर म्हणे जाहिरात 'लर्निंग'मध्ये आहे, म्हणजे कुणाला दाखवायची ते ॲप अजून शिकतंय, मध्येच थांबवली तर ब्रँडचा खर्च वाया जाईल. ब्रँडचा खर्च! आमच्या दारातलं गिऱ्हाईक गेलं ते कुणाच्या खर्चात मांडायचं, हे तिच्या कागदात नव्हतं. मी थेट कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की क्रिएटरचं सगळं एजन्सी बघते. जाहिरातीखाली कमेंट केली, ती त्यांनी लपवली; मलाच दिसत होती, बाकी कुणाला नाही.

मग मला माझी ओळ आठवली. पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क. पूर्ण रक्कम तर आलीच नव्हती! मी मेल केला, मुद्दाम सरळ भाषेत: तुमच्याकडे हा व्हिडिओ वापरायचा हक्क नाही, तुम्ही माझी अट मान्य केली होती, जाहिरात आजच उतरवा, मला उरलेले पैसे नकोत, घेतलेलेही परत करते. पाठवून मला फार बरं वाटलं. नवऱ्याला म्हटलं, बघाच आता. आत्याबाईंनाही सांगितलं की दिवस मावळायच्या आत खाली उतरते.

जेवणं होऊन भांडी घासत होते तेव्हा फोन वाजला. बँकेचा मेसेज. उरलेली सगळी रक्कम जमा. इतके आठवडे 'फायनान्स टीमकडे आहे' म्हणणाऱ्यांना माझा मेल वाचून त्याच दिवशी पैसे पाठवता आले. मागोमाग मेल, 'पेमेंट डन, डियर. नाऊ वी आर गुड.' म्हणजे माझ्याच ओळीप्रमाणे हक्क आता त्यांचा.

पहिल्यांदाच कुणी मला इतक्या तातडीने पैसे दिले होते.  मी ती रक्कम परत पाठवली. त्यांनी लिहिलं की ती 'ॲडव्हान्स' म्हणून ठेवलेली आहे, पुढच्या कामात वळती होईल. जाहिरातींच्या तक्रारी घेणाऱ्या ठिकाणी तक्रारही टाकली, तिचं पोचपावतीपुढे अजून काही आलं नाही. जाहिरात चालूच राहिली.

आत्याबाईंनी मग त्यांची रीत काढली. दळलेली तयार हळद द्यायचं बंद केलं. हळकुंडाचं पोतं दारातच उघडं ठेवलं. येईल तिनं स्वतः निवडावं, मोडून बघावं, आणि डोळ्यासमोर दळून न्यावं. बाया कमी आल्या, पण यायला लागल्या. एकदा त्याच काकू आल्या आणि हळकुंडं चाळता चाळता परत तोच विषय काढला. मी आतून धावत गेले. म्हटलं, काकू, ते वाक्य माझं नाही, मी तर नाही म्हणून लिहून दिलं होतं, थांबा, मेल दाखवते.

काकूंनी मेलकडे बघितलंही नाही. "अगं, मागल्या टायमाला ते गुडघ्याचं तेल चांगलं म्हणलीस, आमी घेतलं. ते तरी तुझं होतं का?"

मी फोन खाली केला. ते तेल मी एकदाही लावलं नव्हतं, आणि तेही पैसे घेऊनच बोलले होते. आत्याबाईंनी माझ्या दंडाला धरलं, रागाने नाही.

"तू आत जा बाई," त्या म्हणाल्या. "तू बोललीस की माझं खरंबी कोणाला पटत न्हाई."