उखडलेला कोयंडा

लॉरी धडकली तरी हलणार नाहीत असे दरवाजे बनवणारे माझे अप्पा, आणि चोरी झाली ती आमच्याच घरात! पडेगावात आम्ही भरदुपारी लग्नाहून परतलो तर कडी-कोयंडा उखडलेला आणि माझा लॅपटॉप गायब. बिडकीनच्या एका कारखान्याचे नकाशे मी त्याच्यावर काढायची. नोकरीला दोनच महिने झाले होते, आणि लॅपटॉप नसला की काम बंद.

मी मात्र निर्धास्त होते. तीन वर्षांची वॉरंटी आहे ना! कार्ड घेऊन तडक उस्मानपुऱ्यातलं दुकान गाठलं.

दुकानदार हसला. "ताई, वॉरंटी म्हंजे कंपनीची चूक. आपोआप स्क्रीन गेला, की-बोर्ड बंद पडला तर. पाणी सांडलं, पडला, चोरीला गेला, त्याला वॉरंटी नाय. पण तुम्ही घेताना विमा काढलाय की!"

विमा! वाचता न वाचता सही केलेला तो दुसरा कागद! तिथूनच विमा कंपनीला फोन लावला. फोनवरच्या बाई भराभर सांगत गेल्या: लगेच कळवलंत, बरं केलंत, पोलिसांत एफआयआर, सिरीयल नंबर असलेलं बिल, ओळखपत्र, दावा अर्ज, चोर न सापडल्यास पोलिसांचा तसा अहवाल. "आणि घर फोडल्याची खूण लागेल. उघड्या दारातून गेलेली वस्तू आमच्या पॉलिसीत बसत नाही."

मी घरी धावले. अप्पा दाराशी हातोडा पुसत उभे. दारावर नवाकोरा कोयंडा!

"घर उघडं टाकून पोलिसांकडं जायचं व्हय?" ते म्हणाले. खूण लागते हे सांगितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मी ओरडलेच,

"जुना कुठंय?"

"लोखंड मी टाकतो का कधी?"

आम्ही दोघं भंगाराच्या पिंपावर तुटून पडलो. बिजागऱ्या, सळया, पत्रे, हात काळे! आणि तळाशी सापडलाच. वाकलेला, स्क्रूसकट, स्क्रूला चौकटीची सालपटं चिकटलेली. मी अक्षरशः नाचले.

पंचनाम्यात पोलिसांनी तो लिहून घेतला. विम्याच्या माणसानं आठवड्यानं येऊन दार न्याहाळलं. अप्पांनी नवा कोयंडा वीतभर वर बसवला होता, कारण जुनी भोकं सैल झाली होती. त्यानं जुना कोयंडा खालच्या भोकांवर धरला, तो नेमका बसला. अप्पांनी श्वास सोडलेला मी ऐकला.

वापराचा घसारा कापून दावा मंजूर झाला. नवा लॅपटॉप आला, नोकरी टिकली. आईनं परवा दाराला रंग लावायला घेतला, तर अप्पा आडवे आले. ती चार भोकं ते अजून कुणाला बुजवू देत नाहीत.