पंचेचाळीस एमबीची गळती

माझ्या वडिलांनी चौतीस वर्षं पाणीखात्यात गळती शोधली. रस्त्यावर लोखंडी दांडी टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि पाईप कुठे फुटलाय ते सांगायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर ते घरात गळती शोधू लागले. आमच्या घरी एकही नळ गळत नाही, त्यामुळे त्यांचे दिवस कठीण जातात.

त्या दुपारी मात्र त्यांना काम मिळालं. कोणीतरी रस्ता खणताना केबल तोडली होती आणि घरचं इंटरनेट आदल्या दिवसापासून बंद होतं. मी सबटायटल लिहिते. नव्या कंपनीने पहिलंच काम दिलं होतं: दीड जीबीची फिल्म, आणि लिंक संध्याकाळी पाचला बंद होणार. माझ्या मोबाईलचा त्या दिवसाचा डेटा सकाळच्या मीटिंगांनी गिळला होता. बाबांच्या मोबाईलवर एक पूर्णांक सात जीबी शिल्लक होता. मी त्यांचा हॉटस्पॉट सुरू केला, लॅपटॉप जोडला आणि म्हटलं, दोनशे एमबी उरतील, आरामात होईल.

"आधी मीटर बघू," बाबा म्हणाले.

त्यांनी मला डाउनलोडला हात लावू दिला नाही. लॅपटॉप नुसता जोडून ठेवायचा, कोणी काही करायचं नाही, आणि दहा मिनिटांत मोबाईलचा आकडा किती सरकतो ते पाहायचं. सगळे नळ बंद असताना मीटर फिरत असेल तर कुठेतरी गळतंय, हे त्यांचं शास्त्र. मी घड्याळाकडे बघत दात-ओठ खात बसले. दहा मिनिटांत पंचेचाळीस एमबी गेले. कोणीही काहीही न करता.

बाबांनी एका जुन्या पाकिटाच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. मोबाईलच्या नेटवर फिल्म उतरायला पन्नास मिनिटं, म्हणजे तेवढ्यात गळती सव्वादोनशे एमबी. फिल्म सोडून उरलेत एकशे पंचावन्न. फिल्म शेवटच्या टप्प्यावर अडकली असती.

मग एकेक झडप बंद करायला सुरुवात झाली. हॉटस्पॉट लॅपटॉपला साध्या वायफायसारखाच दिसतो, म्हणून तो बिनधास्त स्वतःचे अपडेट उतरवत होता आणि माझे जुने फोटो ऑनलाइन साठवत होता. मी जोडणी 'मर्यादित डेटा' म्हणून नोंदवली, साठवण थांबवली, उघडी पानं मिटली. बाबांच्या मोबाईलवर ग्रुपमधले व्हिडिओ आपोआप उतरत होते, तेही बंद केले. पुन्हा पाच मिनिटं पाहिलं तर एक एमबीसुद्धा गेला नाही. मी डाउनलोड सुरू केलं. पण बाबांना शून्य हवं होतं. कोणतं ॲप किती खातं ती यादी ते खालपर्यंत वाचत गेले.

"हे लोकेशनचं काय आहे? महिन्याला चाळीस एमबी. मी तर घेतलेलं नाही."

मी घेतलं होतं. सात महिन्यांपूर्वी ते घड्याळाचा सेल आणायला गेले आणि तीन तासांनी परतले. जुना मित्र भेटला म्हणाले. मित्राचं नाव त्यांना सांगता आलं नाही. त्याच आठवड्यात मी ते ॲप त्यांच्या मोबाईलमध्ये टाकलं, आणि तेव्हापासून ते कुठे आहेत हे मला माझ्या मोबाईलवर दिसत होतं. मी सगळं सांगून टाकलं. मला लाज वाटत होती.

"बंद कर," ते म्हणाले. मी बंद केलं. त्यांनी चपला घातल्या आणि निघाले. मोबाईल टेबलावरच राहिला. तो नेला असता तर डाउनलोड तुटलं असतं, आणि रागातही त्यांनी एवढा विचार केला होता.

मी दोन मिनिटं पडद्याकडे पाहिलं. सतरा टक्के. मग खिडकीत गेले. रस्त्यावर ते नव्हते. फिल्म आपोआप उतरत होती, तिला माझी गरज नव्हती. किल्ली घेऊन मी जिना उतरू लागले, तर खालून बाबाच वर येत होते, कठडा धरून, सावकाश. मला ओलांडून ते आत गेले आणि टेबलापाशी बसले. मी त्यांच्या मागोमाग आले.

"कोपऱ्यापर्यंत गेलो," ते म्हणाले. "त्या रस्त्याखालचा प्रत्येक पाईप मला माहीत आहे. सहा इंची, बिडाचा. पण डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते आठवेना."

मला रडू येत होतं. पाणी देऊ का, एवढंच विचारलं. नको म्हणाले.

मग त्यांनी मोबाईल माझ्याकडे सरकवला. "ते परत सुरू कर."

"डाउनलोड होऊ दे बाबा, मग करते."

"आत्ताच कर. दिवसाला दीड एमबीसुद्धा जात नाही. पुरेल."