पाणी बंद राहील, कोबी चालू राहील

पांतेलेईकाकांनी जेवताना "जरा मीठ द्या" म्हटलं, तरी समोरच्याला वाटतं की आपली गाडी आली, उठा, पिशव्या उचला. दोष त्यांचा नाही. प्लोवदिवच्या स्टेशनवर त्यांनी उभी हयात सूचना देण्यात घालवली. सोफियाची गाडी, बुर्गासची गाडी, उशिरा धावणारी गाडी, आज येणारच नसलेली गाडी, सगळ्यांना तोच आवाज: आधी घसा साफ, मग "लक्ष द्या", मग एक श्वास, मग बातमी. निवृत्तीनंतर स्टेशन सुटलं, श्वास तेवढा राहिला.

आमच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं त्यांची. एकात ते स्वतः राहतात. दुसरं त्यांच्या बायकोच्या, एकातेरीनाकाकूंच्या माहेरचं. काकू गेल्यापासून ते भाड्याने असतं. भाडेकरूशी काका इतके सांभाळून बोलतात की अनोळखी माणसाला वाटावं, घर भाडेकरूचं आणि काका भाडं थकवलेले.

सध्या तिथे रूमेनाबाई राहतात. त्या विदीनकडच्या, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. त्यांच्या बोलण्यात लोणी नाही, सगळं मीठच.

नोव्हेंबरात पहिल्या मजल्यावरच्या कालिंकाकाकूंच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. रूमेनाबाईंच्या बाजूने तळघरापासून गच्चीपर्यंत जाणारे उभे लोखंडी पाइप आतून कुजले होते. रहिवाशांची सभा झाली, भांडणं झाली आणि ठरलं की त्या बाजूची सगळी उभी लाइन एकदमच बदलायची. त्यात एकाही घराने दार उघडलं नाही तर सगळंच फुकट, कारण मधे जुना तुकडा राहिला की तोच पुन्हा फुटणार.

हे भाडेकरूला सांगणं मालकाचं काम. काका दार वाजवण्याआधी जिन्यात उभे राहून सराव करत होते. खालपर्यंत ऐकू येत होतं.

दार उघडलं. घसा साफ झाला.

"रूमेनाबाई, लक्ष द्या. मंगळवारी सकाळी आठपासून आपल्या स्नानघरात..."

"काका, आत या. दारात उभं राहून गाडी सोडू नका."

काका आत गेले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि सगळं नीट सांगितलं. पहिल्या दिवशी संडासामागची भिंत फोडून जुने पाइप कापतील. दुसऱ्या दिवशी नवे प्लास्टिकचे पाइप तापवून जोडतील. तिसऱ्या दिवशी पाणी सोडून कुठे गळत नाही ना बघतील, मगच भिंत बंद. लाद्या आणि रंग काका स्वतः करून देतील. तेवढे दिवस रूमेनाबाईंच्या संडासात एक थेंबही ओतायचा नाही, नाहीतर खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर.

"गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," काका म्हणाले. "माझी मोरी, माझा संडास, सगळं तुमचं. ही किल्ली."

"झालं तुमचं?"

"झालं."

"नाताळानंतर करा."

"अहो, पण कालिंकाबाई छत्री घेऊन भांडी घासतात."

रूमेनाबाई उठल्या आणि स्नानघराचं दार उघडलं. संडासाला खेटून, जिथे भिंत फोडायची नेमकी तिथेच, निळं पिंप उभं होतं. वर फळी, फळीवर नदीतला गोटा.

"कोबीचे गड्डे घातलेत मिठाच्या पाण्यात," त्या म्हणाल्या. "आता कुठे आंबायला लागलेत. हे हलवायचं नाही."

नाताळची सार्मी आंबलेल्या कोबीच्या पानांत भात गुंडाळून करतात, म्हणून आमच्याकडे या दिवसांत ज्याच्या घरी पिंप नाही त्याची लोक कीव करतात. पण रूमेनाबाईंचं कारण आणखी वेगळं होतं. त्यांचा मुलगा आसेन जर्मनीत गोदामात खोकी उचलतो. गेले दोन नाताळ तो आलाच नव्हता. या वेळी फोनवर म्हणाला होता, "आई, इथे डब्यातला कोबी मिळतो गं. त्याची सार्मी म्हणजे ओल्या पुठ्ठ्यात भात. तुझी मिळणार असेल तर येतो." मुलं असं गमतीत बोलतात. आया ते गमतीत घेत नाहीत.

"सार्मी नसली तरी तो येईल हो," काका म्हणाले.

"नाही आला तर मी काय करू? तुम्हाला गुंडाळू पानात?"

काका जवळ गेले, वाकून फळीवरचा गोटा चाचपला. मग उभे राहिले, आणि या वेळी श्वास जरा लांबच घेतला. "पिंप माझ्या काचेच्या गॅलरीत राहील. तिथे गार असतं. एकातेरीनाचं तिथेच असायचं. पाणी बंद राहील, कोबी चालू राहील. शब्द माझा."

"रोज संध्याकाळी नळी घालून तळापर्यंत फुंकावं लागतं. पाणी खालीवर झालं नाही तर गड्डे मऊ पडतात."

"फुंकीन."

"दम आहे?"

"बाई, मी वार्ना एक्सप्रेसची सगळी स्टेशनं एका दमात म्हणायचो."

रूमेनाबाई हसल्या नाहीत, पण किल्ली घेतली.

मंगळवार आला आणि काकांना सर्दी घेऊन आला. नाक चोंदलेलं, आवाज फुटक्या डब्यासारखा. त्यात प्लंबर मास्तर ड्रागोमिर तळघरातून ओरडला, "या लाइनचा कॉक गंजून बसलाय! अख्ख्या जिन्याचं पाणी बंद करतोय!" काकांनी आदल्या दिवशीच बादल्या भरून ठेवल्या होत्या, कारण स्टेशनवरचा माणूस कॉकवर विश्वास ठेवत नाही. आपल्या दाराच्या आत, भिंतीला लावून, वर झाकणं.

भरलेलं पिंप उचलणं शक्य नव्हतं, म्हणून रूमेनाबाईंनी कोबीचं पाणी बादल्यांत काढून घेतलं. त्याही बादल्या काकांच्या दाराच्या आत, त्या भरलेल्या बादल्यांशेजारीच ठेवल्या, वर झाकणं. मास्तरच्या दोन माणसांनी कण्हत, शिव्या देत पिंप गॅलरीत नेलं.

"काका, पिंप टेकलं की लगेच पाणी परत ओता. गड्डे उघडे राहता कामा नयेत." आणि त्या कामावर पळाल्या, शाळेतली पोरं सूप मागत होती.

काकांनी लगेच ओतलं. अगदी शब्दाला जागून. गोटा ठेवला, नळी घातली, खोकत खोकत फुंकलं. मग बाहेर आले तर ड्रिलच्या धुळीने जिना पिठाच्या गिरणीसारखा झालेला. मालक म्हणून त्यांना लाज वाटली. उरलेल्या बादल्या घेऊन त्यांनी तिसऱ्या मजल्यापासून थेट खालच्या दारापर्यंत पोछा मारला. कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

दुपारी कालिंकाकाकू दार उघडून म्हणाल्या, "कुणी पिंप फोडलं की काय?"

"मला तर काही वास येत नाही," काका म्हणाले, आणि ते खरंच होतं.

रूमेनाबाई संध्याकाळी आल्या. खालच्या दारातच थबकल्या. एक पायरी चढल्या, हुंगलं. दुसरी चढल्या, हुंगलं. आपल्या पोराचा आवाज गर्दीत ओळखावा तसा त्यांनी आपला कोबी ओळखला आणि त्या वासामागून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेल्या. काका हातात पोछा घेऊन उभे होते. रूमेनाबाईंनी पोछ्याला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "पिंपात काय ओतलंत?"

काकांनी बादल्यांकडे बघितलं. सगळ्या रिकाम्या, सगळ्या सारख्या. त्यांना कळायला एक श्वास लागला.

गॅलरीत जाऊन बघितलं तर गड्डे नळाच्या साध्या पाण्यात तरंगत होते. रूमेनाबाईंनी पिंपाची तळाची तोटी सोडली आणि ते पाणी बादलीत काढायला लागल्या. त्या ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"पुन्हा मीठ घालू," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मीठ मी आणतो. आत्ता आणतो."

"मिठाचं पाणी आहे का ते? आंबलेलं होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं तर नाताळपर्यंत आंबणार नाही. आणि असंच उघडं ठेवलं तर सकाळपर्यंत..." त्यांनी तोंड फिरवलं. "जाऊ दे. डब्यातला आणीन."

"पुठ्ठा?" काका म्हणाले.

आणि मग ते जिन्यात गेले. कठड्याला धरून उभे राहिले. घसा साफ करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, पण थांबले नाहीत.

"लक्ष द्या. लक्ष द्या." आवाज दोनदा फाटला. "तिसऱ्या मजल्यावरील रूमेनाबाई यांच्या कोबीचं पाणी, घरमालकाच्या गाढवपणामुळे, जिना पुसण्यासाठी वापरण्यात आलेलं आहे. त्यांचा मुलगा नाताळला येत आहे. ज्यांच्या घरी पिंप आहे, त्यांनी एकेक जग आंबट पाणी तिसऱ्या मजल्यावर आणावं. गाडी थांबणार नाही. म्हणजे, कोबी थांबणार नाही."

मग एक दार करकरलं, मग दुसरं. कालिंकाकाकू सगळ्यात आधी पोचल्या, गुलाबी पाण्याचा जग घेऊन.

"बीट घातलंय मी. चालेल ना?"

"चालेल," रूमेनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"रंगाचं पाणी ते," पाचव्या मजल्यावरचे गावरील आजोबा म्हणाले. "हे घ्या खरं. आत मक्याचं कणीस आहे."

"तुमच्या कणसाला मिशा आल्यात, आजोबा!"

"माझ्या कणसाचं सोडा, तुमच्या छताचं बघा!"

रूमेनाबाई प्रत्येक जगात बोट बुडवून चाखत होत्या. बँकेतल्या टापटिपीच्या बाई आल्या, नाजूक काचेच्या भांड्यात पाणी घेऊन. रूमेनाबाईंनी चाखलं, त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "यात व्हिनेगर आहे." इतकी वर्षं ती बाई सगळ्यांना आपल्या कोबीच्या आंबटपणाचं रहस्य सांगायचं टाळत होती. ती भांडं घेऊन मुकाट्याने उतरली आणि थोड्या वेळाने मीठ घेऊन आली. तेही घेतलं.

पिंप भरलं. गोटा बसला. रूमेनाबाईंनी नळी काकांच्या हातात दिली. "फुंका. पण तोंड फिरवून शिंका."

तिसऱ्या दिवशी नवे पाइप भरले, कुठे थेंब नाही. मास्तरने भिंत बंद केली, काकांनी लाद्या बसवल्या आणि रंग दिला. पिंप मात्र परत गेलंच नाही. "गार जागा आहे," रूमेनाबाई म्हणाल्या. रोज संध्याकाळी त्या काकांच्या गॅलरीत जायच्या, आणि थंडीभर आम्हाला वरून गुडगुड गुडगुड ऐकू यायचं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईने मला भोपळ्याची गोड गुंडाळी देऊन वर रूमेनाबाईंकडे पाठवलं. आसेन आला होता. एवढा मोठा माणूस, दारातून वाकूनच आला असणार. काका टेबलाच्या टोकाशी बसले होते, कोट घालून. मधे सार्मीचं भांडं, नुसत्या भाताची, कारण त्या संध्याकाळी आमच्याकडे उपास म्हणून मांस खात नाहीत. आसेनने एक तोंडात घातली. चावली. थांबला.

रूमेनाबाईंनी टेबलाची कड धरली. काकांचा चेहरा भिंतीला दिलेल्या रंगासारखा झाला.

"आई," तो म्हणाला, "हा कोबी तुझ्या एकटीचा नाही." आणि दुसरी घेतली. आणि तिसरी. "कुणाचा आहे गं?"

काका उभे राहिले. घसा साफ केला.

"लक्ष द्या..."

"बसा हो, काका," रूमेनाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात चार सार्मी वाढल्या. "निवतंय."