दोन आठवड्यांचा अर्ज

पहाटेपासून वारा पडलेला होता. आभाळ मळकं, अंगाला चिकचिक, आणि सापगावच्या शिवारात जागोजाग धुराच्या उभ्या रेघा. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला असाच दिवस बघतात. वारा असला की आग बांध ओलांडून दुसऱ्याच्या पेंढ्यात शिरते, मग वर्षभर बोलणं बंद. अनिता आणि तिची आई गिरजा दोघी उजाडायच्या आधीच रोपाच्या तुकड्यावर पोचल्या होत्या. शेणाचा थर, वर पालापाचोळा, वर पेंढा, वर चाळलेली माती. गिरजाने काडी ओढली आणि आग हळूहळू सरकू लागली. अनिता कडेने ओला टहाळा घेऊन फिरत होती. आग कुठे पळायला लागली की दोन फटके.

"रेश्मा गेली वाटतं मुरबाडला," गिरजा म्हणाली. "करवली हाय ना मामाच्या पोरीची."

"गेली की. नवी साडी, नवी चप्पल. कंपनीवाली बाय आता ती."

"तुज्या का पोटात दुखतं?"

"माज्या कशाला दुखंल?"

दुखत होतं. अनिता आणि रेश्मा सख्ख्या चुलत बहिणी, एका अंगणातल्या. अनिता चार महिन्यांनी मोठी. मोठी म्हणून पाटी तिला आधी मिळाली, सायकल तिला आधी मिळाली, आणि दोन्ही वस्तू वर्षाच्या आत रेश्माने तिच्यापेक्षा बऱ्या चालवून दाखवल्या. दोघींनी शहापूरच्या कॉलेजात बीएस्सी आयटीला एकाच दिवशी नाव घातलं. प्रोजेक्टच्या रात्रीत कोड अनिता लिहायची, चूक रेश्मा शोधायची. मार्क सारखेच पडायचे. मात्र सर हाक मारताना "रेश्मा आणि ती दुसरी" म्हणायचे. तीन वर्षं अनिता "ती दुसरी" होती.

मार्चमध्ये ठाण्याची एक कंपनी कॉलेजात आली. सहा महिन्यांची इंटर्नशिप, सॉफ्टवेअर तपासायचं काम, जागा एक. मुलाखतीला चौदा पोरं. रेश्माची निवड झाली, अनिता वेटिंगवर पहिली. रेश्माने लगेच मेलवर होकार कळवला. रुजू व्हायची तारीख अठरा मे.

आणि मग विद्यापीठाने पेपर पुढे ढकलले. शेवटचा पेपर सत्तावीसला, प्रॅक्टिकल एकोणतीसला. अठराला रुजू होणार कसं? रेश्माने कंपनीच्या बाईंना मेल केला: होकार कायम आहे, परीक्षा पुढे गेली आहे, एक जूनला येऊ का? मंगळवारी संध्याकाळी उत्तर आलं. हरकत नाही, पण कॉलेजचं सहीशिक्क्याचं पत्र आणि नवीन वेळापत्रक गुरुवारी पाचच्या आत पाठवा. नाही आलं तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलवू.

पुढचा उमेदवार म्हणजे अनिता. मेल तिनेच मोठ्याने वाचून दाखवला होता, ओट्यावर बसून. शेवटच्या ओळीला तिचा आवाज जरा बारीक झाला. रेश्माच्या ते ध्यानात आलं नाही. ती अर्ज लिहायला बसली होती. कॉलेजचं पत्र हवं तर आधी विद्यार्थ्याचा लेखी अर्ज लागतो, आणि तो ऑफिसच्या खिडकीवर अकरा ते एक याच वेळात घेतात.

"उद्या माजी हळद हाय गो," रेश्मा म्हणाली. "म्हंजे ताईची. करवलीला हळद लागली की लग्न लागंस्तवर मांडव सोडता येत नाय, मामी जीव घेईल. तू हॉलतिकीट आणायला जाणारच ना? तेवढा हा देशील?"

"दे," अनिता म्हणाली. एवढंच.

राब भाजून झाल्यावर तिने अंघोळ केली, अर्ज फाईलीत घातला आणि रिक्षाने शहापूरला गेली. हॉलतिकीट घेतलं. खिडकीसमोर उभी राहिली. पुढे दोन पोरं होती. दोघं गेली. शिपाई भगीरथमामांनी हात पुढे केला. "काय हाय?"

"काय नाय, मामा. पाणी प्यायला आलते."

ती खरंच पाणी प्यायली. मग घरी आली. रिक्षात बसल्या बसल्या तिने हिशेब जुळवला: आपण कुठे फाडलाय कागद? विसरलो. माणूस विसरतं. तिने स्वतःला एवढं समजावलं की सापगावच्या फाट्यापर्यंत ते तिला जवळजवळ खरं वाटायला लागलं.

संध्याकाळी मुरबाडहून फोन. मागे बेंजो वाजत होता.

"दिलास गो?"

"दिला."

"तू व्हतीस म्हणून. नायतर माजं काय खरं नव्हतं. ऐक ना, मला हळद एवढी फासली, मी पिवळी म्हैस दिसतेय."

"ती तू अशीबी दिसतेस," अनिता म्हणाली, आणि रेश्मा खो खो हसली. तिचं ते हसणं ऐकून अनिताला जास्तच राग आला. इतका विश्वास कोणी कोणावर टाकावा का? समोरच्याला आपल्याबद्दल काही वाटत असेल, एवढी तरी शंका ठेवावी की नाही?

गुरुवारी सकाळी दहाला भोईर सरांचा फोन आला. प्लेसमेंटचं सगळं तेच बघतात.

"अनिता ना? ऐक, कंपनीचा आत्ताच फोन होता. रेश्माचं पत्र अजून आलं नाही. मी ऑफिसात विचारलं, तिचा अर्जच नाही. ती फोन उचलत नाही, पोरं म्हणतात मुरबाडला लग्नात आहे. पाचपर्यंत काही झालं नाही तर तुझं नाव आहे. तू जाशील?"

"जाईन सर." शब्द तोंडातून कधी निघाला ते तिचं तिलाही कळलं नाही.

"अठराला?"

"हो सर, अठराला."

मग सर म्हणाले, "अगं, पण तुझी परीक्षा?"

अनिताने फाईलीतून हॉलतिकीट काढलं. तिच्या हातातल्या हॉलतिकिटावर तेच पेपर होते, त्याच तारखा. एकाच वर्गातल्या, एकाच विषयाच्या. दोन दिवस तिने रेश्माची जागा मनात झाडून पुसून ठेवली होती, त्या जागेवर स्वतःला बसवून बघितलं होतं, गळ्यात ओळखपत्र घालून बघितलं होतं. पण अठरा तारखेला आपण परीक्षेच्या बाकावर असणार आहोत, हे एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे तुलाही पत्र लागणार," सर सांगत होते. "तोच मजकूर. कंपनीला दोन आठवड्यांचं काही नाही, अशी पत्रं दरवर्षी जातात. त्यांना फक्त कागद हवा असतो. एकच्या आत अर्ज घेऊन ये."

ती निघाली. झेरॉक्सच्या दुकानातून कोरा कागद घेतला आणि कट्ट्यावर बसून स्वतःचा अर्ज लिहिला. लिहिताना रेश्माचा अर्ज शेजारी ठेवला होता, कारण मायन्याची तिला खात्री नव्हती. 'माझी अंतिम वर्षाची परीक्षा पुढे ढकलली गेल्यामुळे'पासून 'आपली विद्यार्थिनी'पर्यंत सगळं तसंच उतरलं. फक्त खालचं नाव वेगळं. रेश्माचं अक्षर गोल, तिचं टोकदार.

प्लेसमेंटच्या खोलीत सर संगणकासमोर होते. त्यांनी हात पुढे केला, पण नजर पडद्यावरच.

"बरं झालं तू आलीस. ती रेश्मा म्हणजे कमाल आहे. नुसती हुशारी काय कामाची? एवढी संधी, आणि लग्नात नाचत बसलीय. बेजबाबदार मुलगी. मी कंपनीला तोंड कसं दाखवू? गावाकडच्या पोरींचं हेच. शेवटी मांडवच गोड."

तीन वर्षं अनिता या वाक्याची वाट बघत होती. रेश्माला कोणीतरी असं म्हणावं आणि ते आपण कानाने ऐकावं. आता ते पुढ्यात आलं, आणि गोड लागेना. रेश्मा नटवी आहे, रेश्मा पुढे पुढे करते, हे सगळं अनिता गिरजाला रोज सांगायची. पण ते अंगणातलं होतं. सरांना कोणी अधिकार दिला? प्रोजेक्टच्या आदल्या रात्री ताप अंगात असताना पहाटे चारपर्यंत चुका शोधत बसलेली रेश्मा सरांनी पाहिली होती का?

"ती नाय बेजबाबदार," ती म्हणाली.

"काय?"

"अर्ज तिनं मंगळवारीच लिवलाय सर. माज्याकडे दिलता. हा." तिने फाईल उघडली. गोल अक्षरातला कागद वर होता, टोकदार अक्षरातला खाली. तिने वरचा काढून दिला आणि फाईल मिटली.

"मग काल का नाही दिलास?"

"काल खिडकी बंद व्हती."

काल खिडकी उघडी होती. सर काल त्याच वेळी तिथेच, खिडकीच्या आतल्या टेबलाशी बसून चहा पीत होते. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग तारीख वाचली, मंगळवारची, आणि म्हणाले, "जा. बारा चाळीस झालेत. आवक नंबर घालून आण."

भगीरथमामांनी नंबर घातला. "आज पाणी नको का?" त्यांनी विचारलं. अनिताने मान हलवली.

प्राचार्यांची सही, गोल शिक्का, वेळापत्रकाची प्रत. सव्वादोनला सरांनी सगळं स्कॅन करून कॉलेजच्या मेलवरून पाठवलं. अनिता दारात उभी होती. सर न बघता म्हणाले, "तुझं नाव वेटिंगवर राहील. अजून कोणी मागितलं तर कळवतो."

"हो सर."

बाहेर आल्यावर तिने स्वतःचा अर्ज काढला. फाडावा असं वाटलं. पण पाठची बाजू कोरी होती, परीक्षेत कच्चं काम करायला लागेल म्हणून तिने तो परत ठेवला.

साडेचारला ती घरी होती. फोन वाजला. मागे आता बेंजो नव्हता, रेश्माचा आवाज रडून बसलेला. ताईची पाठवणी झाली होती.

"अनू, कंपनीचा मेल आला गो. एक जून. नवीन पत्र दिलंय, सही करून पाठवायचंय. पण सरांचे सात मिस कॉल हायेत. काय झालतं?"

सांगावं का? सांगितलं तर रेश्मा म्हणेल, जाऊ दे. ती अशीच आहे, लगेच जाऊ दे म्हणेल, आणि ते ऐकणं अनिताला सगळ्यात जड गेलं असतं.

"काल नाय दिला मी," ती म्हणाली. "आज दिला."

"इसरलीस?"

"नाय."

मग रेश्मा म्हणाली, "उद्या येते मी. आल्यावर बोलू." तिच्या आवाजात हसू नव्हतं. तिने फोन ठेवला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा रेश्माने तिच्यावर राग धरला होता. अनिताला वाईट वाटलं, आणि त्याच्या खाली कुठेतरी थोडं बरंही वाटलं. निदान आता ती आपल्याला काहीतरी समजते. एक जूनला ती नवी चप्पल घालून निघेल तेव्हा आपलं पोट पुन्हा दुखणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

"अनिते," गिरजाने मागच्या अंगणातून हाक मारली, "आभाळ भरलंय बघ. पापड उचल आधी, फोन मंग घेऊन बस."

अनिताने ओढणी खोचली. पापड वाळत घातलेल्या खाटेवरच्या धोतराचं एक टोक धरलं आणि चिकटलेले तांदळाचे पापड खालून नखाने एकेक सोडवायला लागली.