समाजशास्त्राची रिकामी जागा

सेलूच्या आमच्या कॉलेजात परीक्षा म्हणजे ओमप्रकाश सर, हे ठरलेलंच होतं. शिकवायचे समाजशास्त्र, पण अंतर्गत परीक्षेचं वेळापत्रक वर्षानुवर्षं स्वतःच लिहीत. तेही सरळ परिच्छेदात, कारण पूर्वी शिपाई रूपराव ती सूचना वर्गावर्गात वाचून दाखवायचा आणि ऐकायला ती गोड लागायची. ‘मराठीचा पेपर बुधवारी सकाळी हॉल एकमध्ये होईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच वेळी राज्यशास्त्र,’ असं वाहतं लिहिणं.

आता सूचना कोणी ऐकत नाही, मोबाइलवर तिचा फोटो फिरतो. मागच्या सत्रात ‘त्याच वेळी’ म्हणजे नेमकं कधी हे न कळून खेड्यांवरून येणारी चार-पाच मुलं दुपारी आली. पेपर सकाळीच झाला होता. म्हणून यंदा प्राचार्यांनी सरांचा कागद ऑफिसातल्या रक्षाकडे दिला. तारखेप्रमाणे तक्ता करा, म्हणाले.

रक्षा सरांचीच विद्यार्थिनी. तिनं संगणकावर रकाने पाडले: तारीख, वार, वर्ग, विषय, वेळ, हॉल. सरांनी लिहिलं होतं विषयांच्या ओघात, तारखांच्या क्रमानं नाही. त्यामुळे एकेक वाक्य सोडवून, ‘दुसऱ्या दिवशी’च्या जागी खरी तारीख घालून ती ओळी भरत गेली. सगळं भरल्यावर तारखांप्रमाणे लावलं आणि तिचा हात थांबला.

तेरा तारखेला सकाळी, एकाच वेळी, दुसऱ्या वर्षाच्या त्याच मुलांचे राज्यशास्त्र आणि इतिहास असे दोन पेपर आले होते. सोळा तारखेला अर्थशास्त्र होतं, आणि सोळाला रविवार. परिच्छेदात यातलं काही खटकत नव्हतं, वाक्यं नेहमीसारखीच सुरेख होती. तिनं विषयांची यादी समोर धरून एकेकावर खूण केली. एक विषय उरला. समाजशास्त्र कुठेच नव्हतं.

आधी तिला वाटलं, आपल्याच हातून सुटलं. तिनं कागद पुन्हा वाचला, बोट ठेवून. नव्हतंच.

प्राचार्यांकडे तसंच जाणं तिला जमलं नाही. दुपारी स्टाफरूम रिकामी झाल्यावर ती सरांपुढे जाऊन बसली आणि म्हणाली, थोडं विचारायचं होतं. सरांनी चष्मा लावला. आधी तक्ता आवडल्यासारखं हसले. मग त्यांचं बोट तेरा तारखेवर आलं, तिथून सोळावर.

“हे मीच लिहिलं काय वं?”

“घाईत होते चूक कधी कधी, सर.”

“माहा विषय कुठी आहे यात?”

सरांनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. तिथं काही नव्हतं.

मग हळूहळू त्यांनीच सांगितलं. गेल्या महिन्यात वर्ध्याच्या स्टँडवर उभे असताना कुठे जायचं तेच आठवेना. एका मुलानं ओळखलं आणि सेलूच्या गाडीत बसवून दिलं. तेव्हापासून त्यांच्या पत्नी मीराबाई त्यांना एकटं सोडत नाहीत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पण सरांनी ते कॉलेजात कोणाला कळू दिलं नव्हतं. निदान हे सत्र तरी निघून जाईल असं त्यांना वाटत होतं.

“सिग्रेट नाई, तंबाखू नाई. मले काऊन व्हावं हे?” ते म्हणाले.

मग दोघांनी तक्ता नीट केला. समोर रकाने असले की सरांना अजून सुचत होतं. इतिहास त्याच दिवशी दुपारी हॉल तीनमध्ये गेला, अर्थशास्त्र सोमवारी सतरा तारखेला. समाजशास्त्राची ओळ मात्र त्यांनी रक्षालाच भरायला लावली. तिनं मंगळवार, अठरा तारीख, सकाळ, हॉल दोन असं टाइप केलं. सरांनी ते दोनदा वाचून मान हलवली.

कागद घेऊन ते स्वतःच प्राचार्यांकडे गेले. त्यांनी काय सांगितलं ते रक्षाला कळलं नाही, पण परतताना त्यांनी परीक्षा विभागाच्या कपाटाची चावी तिच्या टेबलावर ठेवली.

परीक्षा सुरळीत झाली. यंदा कोणाचा पेपर बुडाला नाही. समाजशास्त्राच्या दिवशी सर हॉल दोनच्या दारात पेपर संपेपर्यंत उभे होते. रूपरावनं खुर्ची आणून दिली तरी बसले नाहीत. सत्र संपलं तसं त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

उन्हाळ्यात रक्षा त्यांच्या घरी गेली. सर अंगणात बसले होते, शर्ट इस्त्रीचा होता. त्यांनी तिला आदरानं बसायला सांगितलं आणि विचारलं, आपण कोणत्या गावच्या? मीराबाई आतून काही सांगणार, तेवढ्यात रक्षानं त्यांना खुणेनं थांबवलं. इथलीच आहे, सेलूची, असं तिनं सांगितलं.

“बरं झालं आल्या,” सर म्हणाले. “चहा घेऊनच जाजा.”

तिनं चहा घेतला आणि कप स्वतः विसळून ठेवला. मीराबाई फाटकापर्यंत पोहोचवायला आल्या.